व्हॅलेला चावी दिली, कूपन हरवलं आणि गाडीला जांभ्याचा ओरखडा: भरपाई कुणाकडे मागायची?

सायली_चिपळूण

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते, कारण बारकावे सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

गेल्या रविवारी गणपतीपुळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर मावसबहिणीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. गाडी यांनी पोर्चमध्ये नेली. तिथे युनिफॉर्ममधल्या मुलाने चावी घेतली, कूपन फाडून हातात दिलं आणि गाडी मागच्या वाडीत लावायला घेऊन गेला. तेव्हा साधारण सव्वासात झाले होते. रात्री निघताना कूपन सापडेना. साडीच्या बटव्यात ठेवलेलं, कुठे पडलं कळलंच नाही. काउंटरवरच्या माणसाने आरसी आणि लायसन्स बघितलं, हरवलेल्या कूपनाचे २०० रुपये घेतले आणि गाडी आणून दिली.

पोर्चच्या उजेडात गाडी वळली तेव्हा डावीकडचं मागचं दार दिसलं. हँडलच्या खालपासून थेट चाकाच्या कमानीपर्यंत चार बोटं रुंद ओरखडा, दाराला पोचाही आलेला. रजिस्टरवर सही करताना यांनी शेजारी लिहिलं, "डाव्या मागच्या दारावर ओरखडा व पोचा, गाडी देताना नव्हता." आम्ही त्या पानाचा फोटोही काढला.

मॅनेजरचं म्हणणं तीन प्रकारचं. एक, कूपनावर "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असतं. दोन, तुमच्याकडे कूपनच नाही, तर गाडी आमच्या ताब्यात होती हे कशावरून? तीन, व्हॅलेची मुलं बाहेरच्या एजन्सीची आहेत, त्यांच्याशी बोला. गॅरेजचं एस्टिमेट २६,००० आलं आहे. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, रिसॉर्टला पैसे मावशीने दिले. मग आम्हाला काही मागता येतं का?

रत्नांग्रीकर_७१

ताई, स्पष्ट सांगतो. "ओनर्स रिस्क" छापलेलं असलं की विषय संपला. कूपन घेतलंत म्हणजे अट मान्य केलीत. त्यात कूपनही हरवलंत, म्हणजे हातात पुरावा शून्य. फार तर पोलिसांत एफआयआर करा, पोलिसांनी दम दिला की देतील पैसे. नाहीतर सरळ इन्शुरन्समधून करून घ्या आणि मोकळ्या व्हा.

वकीलकाकू

रत्नांग्रीकर, तुमचं एक म्हणणं खरं आहे. कूपनावरची अट अगदीच कचऱ्यात जमा होत नाही. पण तिने विषय संपतही नाही.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे, नोव्हेंबर २०१९ चा, ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. घटना मात्र १९९८ ची आणि दिल्लीची. पाहुण्याने रात्री मारुती झेन व्हॅलेकडे दिली, परत आला तर गाडी गायब. तीन मुलं दुसऱ्या गाडीतून आली होती. स्वतःची गाडी मागवताना त्यांच्यातल्या एकाने डेस्कवरून झेनची चावी उचलली आणि गाडी घेऊन गेला. त्या टॅगवरही मालकाच्या जबाबदारीचीच ओळ छापलेली होती, तरी हॉटेल हरलं.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही चावी हॉटेलच्या माणसाच्या हातात दिलीत की ते निक्षेप झालं, म्हणजे वस्तू सांभाळायला दुसऱ्याच्या ताब्यात देणं, करार कायद्याच्या कलम १४८ मधलं. गाडी जशी घेतली तशी परत देणं ही मग हॉटेलची जबाबदारी. कलम १५१ म्हणतं की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायला हवी. गाडी खराब होऊन परत आली, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे आधी हॉटेलने दाखवायचं. ते दाखवलं तरच छापलेल्या अटीचा आधार मिळेल. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटायला ती अट चालत नाही. व्हॅले फुकट होतं म्हणूनही सुटका नाही, कारण त्याचे पैसे खोलीच्या आणि जेवणाच्या बिलातच आलेले असतात.

एफआयआरबद्दल. चोरी असेल तर ती लागतेच, विमावालेही मागतात. पण चुकून घासलेली गाडी हा मुद्दाम केलेल्या नुकसानीचा गुन्हा ठरत नाही आणि भरपाई वसूल करणं हे पोलिसांचं काम नाही. त्यात आठवडे घालवू नका.

सायली, यजमानांनी पैसे दिले म्हणून तू उपरी होत नाहीस. ग्राहक कायद्यात, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहक असतो. लग्नाचा पाहुणा नेमका त्यात बसतो.

सायली_चिपळूण

काकू, खूप आधार वाटला. पण कूपनाचं काय? मॅनेजर त्याच मुद्द्यावर अडून बसलाय. आणि एजन्सीचं?

वकीलकाकू

कूपन म्हणजे पावती. गाडी त्यांच्याकडे दिल्याचा तो एक पुरावा आहे, पण एकमेव नाही. पावती हरवली म्हणून बँकेतली ठेव बुडत नाही, तसंच हे. आणि त्यांनी स्वतःच काय केलं ते बघ. आरसी बघितली, २०० रुपये घेतले, आतून गाडी आणून दिली, रजिस्टरवर सही घेतली. गाडी त्यांच्याकडे नव्हती तर हरवलेल्या कूपनाचे पैसे कशाचे घेतले? त्या २०० ची पावती किंवा यूपीआयची नोंद असेल तर जपून ठेव. त्यांच्या पहिल्या दोन मुद्द्यांपैकी दुसरा त्या नोंदीनेच पडतो.

एजन्सीचा करार रिसॉर्ट आणि एजन्सीमधला. तू चावी रिसॉर्टच्या पोर्चमध्ये, रिसॉर्टची सेवा म्हणून दिलीस. तक्रारीत दोघांनाही पक्षकार कर. आपसात कोण किती भरणार ते त्यांचं ते बघतील.

अडचण दुसरीकडेच आहे. गाडी देताना ओरखडा नव्हता हे तुला दाखवायला लागेल. ते दाखवलंस की ओझं त्यांच्यावर. तिथे ढिलं पडलं तर बाकी सगळं असून उपयोग नाही. रजिस्टरवर लिहून ठेवलं हे फार बरं केलंत. नुसतं "गाडी सुस्थितीत मिळाली" यावर सही असती तर मला बरीच खटपट करावी लागली असती.

सर्व्हेअर_कुडाळ

मी मोटार विम्याचे सर्व्हे करतो, म्हणून गाडीकडे बघून जे कळतं तेवढंच सांगतो. ताई, गाडी धुतलीत का? धुतली नसेल तर धुऊ नका.

चार बोटं रुंद, आडवा आणि सरळ ओरखडा म्हणजे चालत्या गाडीची कूस भिंतीला लागली. कुणी चावीने ओढला असता तर रेघ बारीक आणि वरखाली झाली असती. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि रेघांच्या आत बघा. जांभ्याचा गडगा असेल तर तांबडी भुकटी बसलेली असते, भिंतीला चुना किंवा रंग असेल तर त्याची पापुद्र्यासारखी खपली. पुसू नका, जवळून फोटो काढा. रंग कुठल्या टोकाला सोलून गोळा झालाय तेही बघा. मागच्या टोकाला असेल तर गाडी पुढे जाताना घासली, पुढच्या टोकाला असेल तर रिव्हर्समध्ये.

मग जमिनीपासून ओरखड्याची उंची मोजा, टेप फोटोत दिसू दे. आणि कुणालातरी त्या वाडीत पाठवून गडग्याचा बाहेर आलेला चिरा शोधायला सांगा. उंची जुळली आणि चिऱ्यावर तुमच्या गाडीचा रंग दिसला, तर ओरखडा कुठला हे सांगायला साक्षीदार लागत नाही. पण आता पावसाचे दिवस आहेत. चिऱ्यावरचा रंग फार टिकणार नाही, उद्याच जा.

अजून एक. व्हॅलेचं कूपन सहसा तीन तुकड्यांचं असतं. एक मालकाला, एक चावीला, एक गाडीत डॅशबोर्डवर किंवा वायपरखाली. तुमचा हरवला, पण तिसरा गाडीतच राहिला असेल. सीटखाली, मॅटखाली बघा.

पनवेलकर_मिलिंद

माझंही असंच झालंय म्हणून इथेच विचारतो. आमच्याकडे एका मॉलच्या तळघरात गाडी लावली, ६० रुपये पार्किंग. टोकन हरवलं. बाहेर पडताना बूमजवळ ३०० मागितले, नाहीतर गाडी सोडणार नाही म्हणाले. अर्धा तास वाद घातला, शेवटी दिले. घरी येऊन बघतो तर पुढचा बंपर फुटलेला. मॉल म्हणतो आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. वरच्या हिशोबाने मॉल जबाबदार ना?

वकीलकाकू

मिलिंद, तुमची गोष्ट वेगळी आहे. गाडी तुम्ही लावलीत, चावी तुमच्या खिशात. ताबा मॉलकडे गेला की नाही इथेच वाद आहे. मॉल म्हणणार की आम्ही फक्त जागा वापरू दिली. त्यावर तुमचं उत्तर असं असू शकतं की बूम तुमचा, टोकन तुमचं, टोकनाशिवाय गाडी बाहेर जात नाही, रखवालीचे पैसे घेता, मग ताबा अजून कसा असतो? चोरी झाली तर हे उत्तर बरंच वजनदार आहे. टोकन न बघता किंवा आरसी न मागता बूम उचलला तर तो सरळ त्यांचा हलगर्जीपणा. पण दुसऱ्या ग्राहकाने बंपर ठोकून पळ काढला, तर त्यात मॉलची काय कसूर, हे तुम्हाला दाखवावं लागेल. कॅमेरे बंद होते, दिवे नव्हते, उतारावर माणूस नव्हता, असं काहीतरी. शिवाय तुम्ही बंपर घरी येऊन पाहिलात. मध्ये रस्ता आहे.

गाडी अडवण्याबद्दल मात्र ठाम सांगते. टोकन हरवल्यावर मालकी तपासायला थांबवणं योग्यच, ते तुमच्याच हिताचं आहे. एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमधली आरसी दाखवली की ते काम संपलं. पुढे पैशासाठी दुसऱ्याची वस्तू अडवून धरायचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँका, आडते, वकील अशा मोजक्यांनाच दिलाय. त्यात पार्किंगवाला नाही. हरवलेल्या टोकनाचा दंड प्रवेशाच्या पाटीवर लिहिलेला असेल आणि वाजवी असेल तर द्यावा. पाटीच नव्हती तर पावती घ्या, "निषेध नोंदवून भरले" असं लिहा आणि नंतर भांडा.

पनवेलकर_मिलिंद

म्हणजे काकू, बंपरचं जवळपास गेलंच म्हणायचं. मला पटत नाही. ६० रुपये घेऊन राखण करायची नसेल तर घेतात कशाचे?

वकीलकाकू

तुमचा सवाल रास्त आहे आणि ग्राहक आयोगापुढे नेमका हाच मांडता येतो. वेगवेगळ्या आयोगांनी यावर वेगवेगळं मत दिलंय, म्हणून खात्री देत नाही एवढंच. त्या दिवसाचं चित्रण त्यांच्याकडे असेल तोवर लेखी मागा. बहुतेक डीव्हीआरवर जुन्यावर नवं चढत जातं. ई-मेल आजच करा.

बाबल्या_मालवण

माजा तर उलटाच आसा. मी होमस्टेवालो. मे महिन्यात पावण्यांनी गाडी आमच्या वाडीत माडाखाली लायली, रात्री नारळ पडलो नि पुढची काच फुटली. तेंनी माझ्याकडे पैशे मागितले. मी म्हटलंय, झाडाचा फळ पडला तर माजो काय गुन्हो? देवाचा काम ता. पण वरचा वाचून आता भीती वाटता.

वकीलकाकू

बाबल्या, दोन गोष्टी सांग. चावी तू घेतली होतीस का? आणि "इथे लावा" असं तू सांगितलंस का?

बाबल्या_मालवण

चावी तेंच्याकडेच. जागा मीच दाखवलंय, दुसरी जागा नाय.

वकीलकाकू

चावी नाही म्हणजे सायलीसारखी केस नाही. पण मे महिन्यात, नारळ उतरवलेले नसताना, पैसे देणाऱ्या पाहुण्याला त्याच माडाखाली जागा दाखवली, तर ते देवाचं काम म्हणणं अवघड आहे. कोकणातला शहाणा माणूस स्वतःची गाडी तिथे लावेल का, असा प्रश्न समोरचा वकील नक्की विचारेल. वादळात धडधाकट झाड उन्मळून पडलं असतं तर गोष्ट निराळी. निम्म्यावर मिटव आणि पाडेली बोलावून माड उतरवून घे.

दापोली_किनारा

माझं छोटं रिसॉर्ट आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. लग्नाच्या दिवशी शंभर-दीडशे गाड्या येतात, जागा चाळीसची. गावातली पोरं बोलावतो. पाहुणे चावी फेकून आत जातात, गाडीवर आधीच चार ओरखडे असतात आणि रात्री तेच आमच्या नावावर. गेल्या वर्षी मी एका गाडीचे १८,००० भरले, जो ओरखडा आमचा नव्हता याची मला आजही खात्री आहे.

म्हणून आता आम्ही चावी घेतानाच मोबाईलवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढतो. अर्धा मिनिट जातो. आणि ज्या पोराकडे चारचाकीचं लायसन्स आहे त्यालाच चावी देतो. सायलीताईंच्या रिसॉर्टने असा व्हिडिओ काढला असता तर ते आज कूपनाच्या आड लपले नसते.

सर्व्हेअर_कुडाळ

दापोलीकर लायसन्सबद्दल बोलले ते महत्त्वाचं. ताई, गाडी कोण चालवत होता त्याचं नाव आणि लायसन्स लेखी मागा. विम्याचा क्लेम केलात तर कंपनी हे विचारणारच. लायसन्स नसलेल्या माणसाने चालवली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडू शकतो.

आणि वर कुणीतरी म्हणालं, विम्यातून करून मोकळ्या व्हा. तो हिशोब आधी करा. तुमची एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची प्रीमियममधली सवलत, किती?

सायली_चिपळूण

३५ टक्के. ओन डॅमेजचा प्रीमियम सवलतीआधी साधारण ९,००० असतो.

सर्व्हेअर_कुडाळ

मग पुढच्या वर्षी ४५ टक्के सवलतीने तुम्ही ४,९५० भरले असते. क्लेम घेतलात की सवलत शून्य, पूर्ण ९,०००. म्हणजे पहिल्याच वर्षी ४,०५० जास्त. शिडी पुन्हा २० टक्क्यांपासून चढायची, आणि तुम्ही एरवी जिथे असतात त्या ५० टक्क्यांना पोचेपर्यंत एकूण फरक १०,८०० च्या आसपास जातो. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे थोडा कमी धरा. त्यात सक्तीची वजावट, लहान गाडीला १,०००. रंगाच्या मालावर आणि प्लॅस्टिकवर निम्मी घसारा कपात, झिरो डेप नसेल तर. २६,००० च्या कामासाठी क्लेम घ्यावा की नाही हे यावरून ठरवा. एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल तर हिशोब बदलेल.

क्लेम घ्यायचाच असेल तर कंपनीला आत्ता कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत दुरुस्ती करू नका. क्लेम मिळाला की रिसॉर्टकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. ताजच्या केसमध्येही हॉटेलविरुद्ध लढायला विमा कंपनीच उभी होती. तेच पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत. विम्यातून न मिळालेले, म्हणजे वजावट आणि गेलेली एनसीबी, ते तुम्ही मागू शकता.

सायली_चिपळूण

अपडेट देते. मॅटखाली तिसरा तुकडा सापडला! त्यावर कूपनचा नंबर, आमच्या गाडीचा नंबर आणि बॉलपेनने ७.१० लिहिलंय. ओरखड्यात तांबडी भुकटी आहे, आणि मागच्या टोकाला रंग गोळा झालाय. यांचा भाऊ आज तिथे जाऊन आला. वाडीच्या वळणावर गडग्याचा एक चिरा बाहेर आलाय, उंची ६१ सेंटीमीटर. आमच्या ओरखड्याची मधली रेघ ६० ते ६२ मध्ये येते. चिऱ्यावर पांढरट डाग आहे, गाडी पांढरीच आहे, पण पावसाने तो इतका फिका झालाय की फोटोत नीट येत नाही.

दुसरं म्हणजे लग्नाच्या फोटोग्राफरने स्वागताचं शूटिंग केलंय. त्यात आमची गाडी पोर्चमध्ये येताना डावीकडूनच दिसते. दार स्वच्छ आहे.

वकीलकाकू

सायली, तुला कूपनाची गरजच उरली नाही. त्या शूटिंगची मूळ फाईल फोटोग्राफरकडून जशीच्या तशी घे, व्हॉट्सअॅपवर आलेली नको.

आता रिसॉर्ट आणि एजन्सी दोघांना एक पानी नोटीस. कधी, कुठे, कुणाला चावी दिली, गाडी कशा अवस्थेत परत मिळाली, रजिस्टरवरची नोंद, एस्टिमेट. पोर्च आणि वाडीचं त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवावं आणि चालकाचं नाव कळवावं अशी मागणी. पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठव, ई-मेलही कर. चित्रण मागूनही दिलं नाही तर ते त्यांच्याच विरोधात जातं.

नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत असते. तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमचा जिल्हा रत्नागिरीच, त्यामुळे तिथेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि `e-jagriti.gov.in` वरून घरबसल्या दाखल होते. पण वेळ लागतो, हे धरून चाल.

रत्नांग्रीकर_७१

काकू, अट आणि कूपनाबद्दल आता पटलं. पण लग्नघरचा मामला आहे. मावशीच्या रिसॉर्टवर केस म्हणजे मावशीला तोंड दाखवायची पंचाईत. त्याचं काय करायचं?

सायली_चिपळूण

तेच आधी केलं. मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "माझं अजून चाळीस हजारांचं बिल बाकी आहे, मी बोलते." तिचं बिल आणि आमची नुकसानी एकत्र करायला मी नको म्हटलं, तिचा करार वेगळा आहे. पण तिचा फोन गेल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. आज संध्याकाळी एजन्सीवाल्याचा निरोप आला, १२,००० देतो, "पूर्ण व अंतिम" अशा पत्रावर सही करा.

सर्व्हेअर_कुडाळ

विम्याचा क्लेम घ्यायचा जरासुद्धा विचार असेल तर अशा पत्रावर सही करू नका. तुम्ही त्यांना मोकळं केलंत की कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि कंपनी तुमचा क्लेम अडवू शकते.

वकीलकाकू

आणि क्लेम घेणार नसशील तरी १२,००० कशाच्या हिशोबाने, ते लेखी माग. दार बदलायचं की ठोकून काढायचं यावर आकडा खाली येऊ शकतो. दुसऱ्या एका गॅरेजचं एस्टिमेट घेऊन ठेव, आयोगही ते विचारेल.

सायली_चिपळूण

दुसरं एस्टिमेट आज घेतलं. दार न बदलता, ठोकून आणि रंगवून २१,५००. विम्याचा क्लेम घ्यायचा नाही असं ठरवलंय. एजन्सीला आणि रिसॉर्टला २१,५०० ची नोटीस उद्या स्पीड पोस्टने जाते आहे, दोन्ही एस्टिमेट आणि शूटिंगमधले फोटो जोडून. कूपनाचे २०० वेगळे मागितलेले नाहीत, ते मला वाजवी वाटले. त्यांचं उत्तर आलं की इथे लिहिते.

पनवेलकर_मिलिंद

मॉलचं उत्तर आलं. चित्रण फक्त पोलिसांनी मागितलं तरच देऊ म्हणतात. काकू, यावर काय करायचं?

वकीलकाकू

देऊ नका म्हणावं, पण पुसूही नका, असं लेखी कळवा. तक्रार दाखल केल्यावर ते आयोगासमोर हजर करायला लावता येतं. तोवर ते शिल्लक राहिलं पाहिजे, एवढंच तुमच्या हातात आहे.